पाव का किलो?

धायरी फाट्यावर संध्याकाळी भाजी घ्यायला उभं राहिलं की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. भाजीवाली म्हणते, "तीस रुपये." गिऱ्हाईक डीएसके विश्वच्या चढावरून गाडी घेऊन उतरलेलं असो की बेनकर वस्तीतून पिशवी हलवत चालत आलेलं, ते लगेच विचारतं, "पाव का किलो?" एकाच हातगाडीवर मेथी जुडीवर असते, लिंबं नगावर, कांदे किलोवर, मिरच्या पावावर, आणि आलं नुसतंच "दहाचं द्या". पाच जिन्नस, पाच मापं. तरी तिथे कोणी गोंधळलेलं मी पाहिलेलं नाही. कारण उघड आहे. नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवून पैसे काढायची आपल्याला सवयच नाही. आकडा ऐकला की तो कशाचा, हे आपण आपसूक विचारतो.

हाच प्रश्न विचारायचा राहून गेला, म्हणून माझ्या सख्ख्या भावाने तीन आठवडे स्वतःला अर्धपोटी ठेवलं.

दादा अडुसष्ट वर्षांचा आहे. उभी हयात त्याने पिंपरीकडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून काढली. त्याच्या बिन कार्डावर मालाच्या नावाशेजारी पहिला रकाना असायचा तो एककाचा. बोल्ट नगावर, वॉशर किलोवर, केबल मीटरवर, ऑइल लिटरवर. एका नवख्या पोराने एकदा वॉशरच्या मागणीपत्रावर नुसतं '४' लिहिलं. त्याला चार वॉशर हवे होते, पण माल आला चार किलो. हा किस्सा दादाने आम्हाला निदान वीस वेळा सांगितला असेल. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवलं. उत्तराला एकक नसेल तर अर्धा मार्क कापायचा हा माझा नियम होता आणि त्याबद्दल पालक माझ्यावर नाराज असायचे. एककांवर पहारा ठेवणारी दोन माणसं आमच्या घरात, आणि दोघांच्याही डोळ्यांदेखत चोरी झाली.

झालं असं. डॉक्टरांनी दादाला चार-पाच किलो वजन उतरवायला सांगितलं आणि दिवसभरात काय खाता ते लिहीत जा म्हणाले. नातवाने फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. त्यात पदार्थ शोधायचा, किती खाल्ला तो आकडा भरायचा, की कॅलरी आपोआप मांडल्या जातात. दिवसाची मर्यादा ठरली सोळाशे. पहिल्याच रात्री जेवण झाल्यावर दादाने नोंदी केल्या आणि एकट्या रात्रीच्या जेवणाचा आकडा आला अठराशे दहा. दिवसाचा नव्हे, एका जेवणाचा.

दादा शिस्तीचा माणूस. त्याने दुसऱ्या दिवसापासून एक पोळी कमी केली, मग भात सोडला, मग सकाळचे पोहे अर्ध्यावर आणले. आकडा उतरायचा, पण मर्यादेच्या वरच राहायचा. वहिनीला हा सगळा प्रकार आपल्या हातच्या स्वयंपाकावरचा आरोप वाटायला लागला, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. तिसऱ्या आठवड्यात सकाळी धारेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाताना दादाला वाटेत कठड्यावर टेकावं लागलं. तेव्हा वहिनीचा फोन आला, "वन्सं, तुम्ही जरा येऊन बघा. हे रात्री पोळीकडे असे बघतात, जसं काही मीच तिच्यात काही कालवलंय."

मी गेले ती माझा स्वयंपाकघरातला छोटा काटा पिशवीत घालूनच. आणि पहिली चूक मीच केली, ती आधी सांगून टाकते.

मला वाटलं, अ‍ॅपमधला पोळीचा आकडा मुळातच खोटा असणार, तो पुस्तकावरून पडताळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं २०१७ साली नव्याने काढली. तांदूळ, डाळी, भाज्या, मासे असे पाचशेहून जास्त जिन्नस त्यात आहेत, आणि प्रत्येकाचे आकडे शंभर ग्रॅम खाण्याजोग्या भागासाठी दिलेले आहेत. त्यात मी गव्हाचं पीठ शोधलं. ऊर्जा साधारण १,३४०. वहिनीच्या एका पोळीला तीस ग्रॅम पीठ लागतं, हे मी काट्यावर बघितलं होतं. तीस ग्रॅमचे झाले ४०२, शिवाय घडीत लावलेलं तेल. म्हणजे एका पोळीचे चारशेवीस! अ‍ॅप तर पोळीला दोनशेनव्वदच धरत होतं. मी दादाला म्हटलं, "अरे, हे अ‍ॅप उलट कमीच सांगतंय."

वहिनीने काही न बोलता पोळीचा डबा उचलून ओट्यावर ठेवला. त्या डब्याच्या आवाजाने मी परत पुस्तकात डोकं घातलं. रकान्याच्या माथ्यावर लिहिलं होतं: किलोज्यूल.

जुन्या कोष्टकांत, म्हणजे गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुस्तकात, हेच आकडे किलोकॅलरीत असायचे. माझ्या पिढीने तेच पाहिले. नव्या पुस्तकात एकक बदललं आणि मी जुन्या डोळ्यांनीच वाचलं. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. ४०२ ला तेवढ्याने भागलं की राहतात ९६. दोन ग्रॅम तेलाचे अठरा मिळवले की एकशेचौदा. अशी ही पोळी. शाळेत असते तर मीच माझा अर्धा मार्क कापला असता.

ऑस्ट्रेलियातून कोणी बिस्किटांचा पुडा आणला तर त्यावरही हीच गंमत असते. तिथे ऊर्जा किलोज्यूलमध्ये छापतात, आणि दोन हजारांच्या आसपासचा आकडा बघून घरातली म्हातारी माणसं पुडा परत कपाटात ठेवतात. मराठीत तर याच्यावर आणखी एक थर चढतो. विज्ञानातली कॅलरी इवलीशी, आणि आहारातली कॅलरी तिच्या हजारपट, म्हणजे किलोकॅलरी. रोमन लिपीत हा फरक दाखवायला काही जण आहारातल्या कॅलरीचं पहिलं अक्षर मोठं लिहितात. आपल्या देवनागरीत मोठं अक्षरच नाही. सुदैवाने जेवणाच्या गप्पांत सगळेच किलोकॅलरीला कॅलरी म्हणतात, त्यामुळे कुणाचं नुकसान होत नाही. इथून पुढे मीही तसंच म्हणणार आहे.

तर आता पोळी. माझा हिशेब एकशेचौदावर आला, आणि फोन एका पोळीला दोनशेनव्वद म्हणत होता. पण भाजलेली पोळी मी काट्यावर ठेवली तेव्हा ती बेचाळीस ग्रॅम भरली. पीठ तीस ग्रॅम, बाकी तेल आणि तव्यावर उडून उरलेलं पाणी. मग फोनवरची नोंद पुन्हा उघडून नीट पाहिली. वर ठळक अक्षरांत 'पोळी', शेजारी २९०, आणि खाली करड्या बारीक अक्षरांत: '१ सर्व्हिंग (१०० ग्रॅम)'. आकडा भरायच्या चौकटीत दादाने दोन पोळ्यांसाठी '२' घातले होते. फोनने ते इमानेइतबारे दोनदा शंभर ग्रॅम धरले आणि पाचशेऐंशी मांडले. दादाने खाल्ल्या होत्या चौऱ्याऐंशी ग्रॅम पोळ्या, म्हणजे २४५ च्या आसपास.

म्हणजे २९० हा आकडा खरा होता. तो शंभर ग्रॅम पोळीचा भाव होता. किलोचा भाव ऐकून एका टोमॅटोला तेवढे पैसे मोजावेत, तसं दादाने केलं होतं.

मी तसं म्हटल्यावर दादा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "वॉशर."

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून त्या पहिल्या रात्रीचं सगळं जेवण पुन्हा मांडलं. वहिनीने तसंच ताट वाढून दिलं आणि आम्ही एकेक वस्तू काट्यावर ठेवत गेलो. दिवाळीतले बेसनाचे लाडू त्या रात्री डब्यात होते, त्यातला एक दादाने खाल्ला होता आणि नोंदीत '१' लिहिलं होतं. नोंद पुन्हा शंभर ग्रॅमची, म्हणून फोनने धरले ४८०. लाडू भरला बत्तीस ग्रॅम. त्याचे होतात साधारण १५५.

भाताची गोष्ट वेगळी होती. तिथे दादाने आपली स्टोअरकीपरची शिस्त पाळली होती, भात चक्क वजन करून ११० ग्रॅम लिहिला होता. एककही ग्रॅमच होतं. पण शोधताना 'तांदूळ' असं टाकल्यामुळे जी पहिली नोंद वर आली ती कच्च्या तांदळाची होती. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५६ कॅलरी, आणि तोच तांदूळ शिजून पाणी पिऊन अडीच-तीनपट झाला की शंभर ग्रॅम भातात १३० च्या आसपास. फोनने ३९० धरले, पानात होते १४५. तुपाचं तसंच. दादा वरणावर चहाच्या चमच्याने तूप घेतो. अ‍ॅपमध्ये 'चमचा' म्हणून जो होता तो मोठा, पंधरा मिलीचा, पोह्याच्या चमच्याहूनही सढळ. चाळीसच्या जागी सव्वाशे.

वरणाची वाटी आणि भेंडीची भाजी मात्र बरोबर निघाली. भाजी नेमकी शंभर ग्रॅम वाढलेली होती, त्यामुळे तिथे 'एक वाटी' म्हणा की 'शंभर ग्रॅम' म्हणा, उत्तर एकच येत होतं. चूक तिथेही होती, फक्त दिसत नव्हती. सोललेल्या मध्यम केळ्याचंही असंच होतं. ते शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यामुळे केळी नगावर लिहिणाऱ्याला आपली रीत बरोबरच आहे असं वर्षानुवर्षं वाटत राहतं.

ताकाने तर उलटाच डाव टाकला. दादाने एक पेला ताक प्यायलं आणि '१' लिहिलं. नोंद शंभर मिलीची, कॅलरी पंचवीस. पेला होता दोनशे मिलीचा. म्हणजे इथे पन्नासचे पंचवीस झाले. या एका गोष्टीने मला सगळ्या घोळाचं कुलूप उघडून दिलं. वस्तू शंभर ग्रॅमपेक्षा हलकी असेल तर ही चूक आकडा फुगवते, जड असेल तर दाबते. आणि आपल्या पानातल्या मोजून खायच्या वस्तू बहुतेक हलक्या असतात. पोळी, पुरी, लाडू, करंजी, इडली, वडा, अंडं, बाकरवडी. ज्या वस्तू आपण नगाने खातो त्याच नेमक्या शंभरच्या खाली. म्हणून मराठी घरात ही चूक झाली की जेवण फुगतं. मिसळीची थाळी किंवा मोठा पेला लस्सी असेल तर तीच चूक माणसाला खूश करून सोडते, आणि कोणी तक्रार करत नाही.

शेवटी बेरीज केली. फोनचे १,८१०. आमचे ८४५. नऊशेपासष्टचा फरक, आणि त्यातले सहाशेसाठ फक्त पोळी आणि लाडू यांचे.

मला जास्त अस्वस्थ केलं ते हे, की १,८१० हा आकडा वेडगळ दिसत नाही. एकदा नातवाने वजनाचा आकडा नगाच्या चौकटीत टाकून बेचाळीस पोळ्या नोंदवल्या होत्या, तेव्हा फोनवर हजारोंनी कॅलरी उसळल्या आणि घरातले सगळे हसत सुटले. शंभरपट चूक स्वतःच ओरडून सांगते. दुप्पट-तिप्पट चूक मात्र पाहुण्यासारखी येऊन बसते. साठी उलटलेल्या, वजन वाढलेल्या माणसाला ती खरीच वाटते, कारण तो आधीच अपराधी मनाने फोन उघडत असतो.

मग ती ओळखायची कशी? दादाला सूत्र हवं होतं. स्टोअरमध्ये माल आत घेताना जशी तपासणी असते तशी काहीतरी. मी त्याला दोन चाळण्या दिल्या.

पहिली अशी. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने अन्नातल्या ऊर्जेची मोजदाद केली, आणि त्याचे ढोबळ आकडे आजही वापरात आहेत. पिष्ट आणि प्रथिनं ग्रॅमला चार कॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ नऊ. जेवणाच्या पानात तुपा-तेलापेक्षा दाट ऊर्जा कशातच नसते. म्हणजे कुठलाही पदार्थ, कितीही तुपकट असो, ग्रॅममागे नऊच्या वर जाऊच शकत नाही. आता लाडू बघ. बत्तीस ग्रॅमच्या लाडवाला ४८० म्हणजे ग्रॅममागे पंधरा. नुसत्या तुपाचा लाडू वळला तरी इतकं व्हायचं नाही. माझे ते किलोज्यूलही इथेच पकडले गेले असते. शंभर ग्रॅम पिठाला १,३४० म्हणजे ग्रॅमला तेराच्या वर, अशक्य. पण ही चाळणी जाड भोकांची आहे. भेंडीचे किलोज्यूल शंभरच्या थोडे वर असतात. ते कॅलरी म्हणून लिहिले तर चौपट चूक होते, तरी ग्रॅममागे एकच पडतो आणि काही संशय येत नाही.

पोळीही या चाळणीतून निसटते. २९० भागिले ४२, सात भरतात. नऊच्या आत. मात्र ग्रॅममागे सात म्हणजे ती पोळी शेंगदाण्याच्याही पुढे गेली, इथे गृहिणीला लगेच शंका येईल, स्टोअरकीपरला नाही. म्हणून दुसरी चाळणी. फोनवरच्या नोंदीत कॅलरीखाली पिष्ट, प्रथिनं आणि स्निग्ध यांचे ग्रॅम दिलेले असतात. त्या तिघांची बेरीज करायची. पोळीच्या नोंदीत पन्नास, आठ आणि सहा, म्हणजे चौसष्ट ग्रॅम. आणि काट्यावर अख्खी पोळी बेचाळीस. पोळीच्या पोटात पोळीहून जास्त ऐवज! लाडवाच्या नोंदीत ही बेरीज शहाऐंशीची होती, आणि लाडू बत्तीस ग्रॅमचा. दादाला हे फार आवडलं. "खोक्याच्या वजनापेक्षा आतल्या मालाचं वजन जास्त लिहिलंय," तो म्हणाला, "अशा चलनावर मी सही केली नसती."

भाताच्या चुकीपुढे मात्र या दोन्ही चाळण्या आंधळ्या आहेत. ११० ग्रॅम कच्च्या तांदळात पंच्याऐंशीच्या आसपास ग्रॅम पिष्ट असतं. ते ११० मध्ये आरामात मावतं. ग्रॅममागे कॅलरीही साडेतीन, अगदी साळसूद. इथे पाण्याचीच आठवण ठेवावी लागते. शिजलेल्या भाताच्या वजनात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी असतं, म्हणून शंभर ग्रॅम भाताच्या नोंदीत पिष्ट तिसाच्या आत दिसलं पाहिजे. सत्तर-ऐंशी दिसलं तर तो तांदूळ अजून डब्यात आहे, पातेल्यात गेलेला नाही. डाळी आणि कडधान्यं यांनाही हेच लागू. आणि तुपाच्या चमच्याला तर कुठलीच चाळणी नाही. तिथे चमचा काट्यावर ठेवून बघणं एवढंच हातात आहे.

तेवढ्यात वहिनीने चहाबरोबर बाकरवडीचं पाकीट आणून ठेवलं, बहुधा परीक्षा म्हणूनच. पाकिटावरची पोषणाची माहिती आपल्याकडे साधारणपणे शंभर ग्रॅमची असते, आणि खाद्यसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी तिच्या जोडीला एका वाढीचा दिवसाच्या गरजेतला टक्का छापायला लावला आहे. ती गरज दोन हजार कॅलरी धरतात. ही टक्केवारी कोणी वाचत नाही, पण ती कामाची आहे. एका वाढीला पाच टक्के लिहिलं असेल तर ती वाढ शंभर कॅलरींची. ती वाढ वीस ग्रॅमची म्हटली असेल तर शंभर ग्रॅमला पाचशे, आणि वरचा रकाना तेच सांगतोय का हे लगेच कळतं. दादाने सहा बाकरवड्या काट्यावर ठेवल्या. साठ ग्रॅम. तीनशे कॅलरी. "आणि मी मागच्या रविवारी सहाच खाल्ल्या होत्या," तो म्हणाला. फोन उघडला. तिथे तीन हजार लिहिलेले होते. त्या रविवारी रात्री तो न जेवता झोपला होता.

वहिनी एकदम उठून आत गेली.

आमची आजी असती तर तिला यातलं काहीच नवं वाटलं नसतं. तिच्या काळी शेर दोन होते. धान्य मापून घ्यायचं तेव्हा मापी शेर, चार शेरांची पायली. वजन करून घ्यायचं तेव्हा वजनी शेर. नाव एकच, वस्तू दोन. शेरभर तांदूळ म्हटलं की कुठला शेर हे विचारल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नसे. पुढे १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, ग्रॅम आणि किलो आले आणि असे जुळे शेर हळूहळू बाजारातून गेले. आता प्रत्येक गोष्टीचं माप एकच, असं आम्ही शाळेत शिकलो आणि मी पुढे शिकवलंही. तरी वाटी, चमचा, प्लेट आणि सर्व्हिंग या नावांनी ते जुळे पुन्हा घरात आले आहेत. सर्व्हिंग तर मला सगळ्यात खोडकर वाटतं. ते एका नोंदीत एक नग असतं, दुसरीत शंभर ग्रॅम, तिसरीत दोन इडल्या. ज्याने नोंद भरली त्याच्या मनात जे होतं ते.

आमच्याच सोसायटीत पाण्याच्या टँकरची वही अशी आहे. तारखेपुढे नुसतं '३' लिहितात. टँकर लहान होता की मोठा, भरून आला होता का, काही नाही. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये त्या तिनावरून भांडण होतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा '३' लिहिलं जातं. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत गेली, पण वही अजून नगावरच आहे.

असो. दादाने नंतर जे केलं ते त्याच्या स्वभावाला धरून होतं. फोनमधल्या आयत्या नोंदी त्याने सोडल्या आणि स्वतःच्या नोंदी तयार केल्या. 'घरची पोळी, १ नग, ४२ ग्रॅम, १२०.' 'लाडू, १ नग, ३२ ग्रॅम, १५५.' 'भात, शिजवलेला, ग्रॅमवर.' प्रत्येक नावात एकक घातलं, म्हणजे शोधतानाच ते डोळ्यांपुढे येतं. पोळीचं वजन ठरवायला त्याने एक नाही, दहा पोळ्या एकत्र तोलल्या आणि दहाने भागलं. एकेकटी पोळी छत्तीस ग्रॅमपासून अठ्ठेचाळीसपर्यंत कुठेही असते, वहिनीचा हात काही साचा नाही. म्हणून आमचे ८४५ म्हणजेही ८४५ नव्हेत. आठशे ते नऊशेच्या मधे कुठेतरी, इतकंच छातीठोकपणे म्हणता येईल. पोह्यांत दाणे किती पडले, कढईला तेल किती राहिलं, हे कोण मोजणार? तेवढी चूक राहू द्यावी. ती पाच-दहा टक्क्यांची असते, कधी इकडे कधी तिकडे, आणि आठवडाभरात बरीचशी आपसात फिटते. एककाची चूक फिटत नाही. ती रोज, त्याच पोळीवर, त्याच बाजूला होत राहते.

डॉक्टरांना त्याने तीन आठवड्यांची खरी बेरीज नेऊन दाखवली. मर्यादा सोळाशेची होती आणि तो बहुतेक दिवस हजारावरही पोचत नव्हता. त्यांनी दुसरी पोळी परत सुरू करायला सांगितलं. वहिनीने त्या दिवशी पोळीला तूप जरा जास्तच लावलं. ते मी पाहिलं, मोजलं नाही.

परवा रात्री साडेनऊला दादाचा फोन आला. मित्रांबरोबर सिंहगड रस्त्यावर मिसळ खाऊन आला होता आणि नोंद अडली होती.

"एक प्लेट मिसळ असं लिहिलंय इथे. खाली वजन नाही, काही नाही. घेऊ का?"

"पाव किती?" मी विचारलं.

तिकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "अगं, पाव किलो कसं असेल? चांगली भरलेली थाळी होती."

"अरे, खायचे पाव. ते प्लेटमध्ये धरलेत का वेगळे?"

"थांब," तो म्हणाला, आणि लांबून त्याचा आवाज ऐकू आला. तो वहिनीला चष्मा कुठे ठेवला ते विचारत होता.